खोलीचा रंग आणि बाथरूमची टाइल: दार-खिडकी वजा करायची, पण कुठे आणि किती?

मागच्या व्हिडिओत बोर्डवर जे गणित केलं, ते लिहून द्या असं बऱ्याच जणांनी सांगितलं. म्हणून हा लेख. वही आणि टेप जवळ घेऊन वाचा, म्हणजे लगेच स्वतःच्या घराची खोली मोजून बघता येईल.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. दुकान नवीन होतं तेव्हा एका गिऱ्हाइकाला बाथरूमच्या टाइल्स दिल्या. मापं बरोबर होती, दार वजा केलं होतं, वेस्टेजही धरलं होतं. तरी शेवटच्या ओळीला टाइल्स कमी पडल्या. परत मागवल्या तर बॅच बदललेली, शेड किंचित वेगळी. दोन-तीन ओळी उखडून नवीन बसवाव्या लागल्या, आणि त्याचे पैसे माझ्या खिशातून गेले. चूक कुठे होती ते पुढे सांगतो. आधी रंगाचं बघू.

खोली एक, उत्तरं तीन

आपल्याकडच्या घरातली नेहमीची खोली घ्या. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंची १० फूट. एक दार ३ × ७ फूट, दोन खिडक्या प्रत्येकी ४ × ४ फूट.

चार भिंतींचं क्षेत्रफळ = २ × (१२ + १०) × १० = ४४० चौ. फूट
दार = २१ चौ. फूट
दोन खिडक्या = ३२ चौ. फूट
कपात = ५३ चौ. फूट
निव्वळ भिंत = ३८७ चौ. फूट

शाळेतलं गणित इथे संपतं. साइटवर संपत नाही. कारण खिडकी ही कागदावरच्या चौकोनासारखी सपाट नसते. भिंत ९ इंची असेल आणि चौकट बाहेरच्या बाजूला बसवली असेल, तर आत साधारण ६ इंचाची कड उरते, आणि तिलाही रंग लागतोच. खाली कडप्पा असेल तर तीन बाजू रंगवायच्या. म्हणजे एका खिडकीला १२ फूट × अर्धा फूट = ६ चौ. फूट, दोन खिडक्यांना १२. दाराची चौकट या खोलीत आतल्या तोंडाला आहे, त्यामुळे तिथे कड नाही.

म्हणून खरं रंगवायचं क्षेत्रफळ ३८७ + १२ = ३९९ चौ. फूट. कपात ५३ ची दिसत होती, प्रत्यक्षात ४१ चीच झाली.

आता आकडे तीन झाले: ४४०, ३८७ आणि ३९९. पेंटर ४४० म्हणतो, गिऱ्हाईक ३८७ म्हणतं, आणि दोघंही टेप दाखवतात. भांडण इथूनच सुरू होतं.

मालाचं माप वेगळं, मजुरीचं वेगळं

माझा नियम सोपा आहे. माल नेहमी खऱ्या क्षेत्रफळावर काढायचा, म्हणजे ३९९ वर. मजुरी मात्र जे माप आधी ठरलं त्यावर.

पेंटर कपात का देत नाही? तो लबाड असतो म्हणून नाही. रोलरने सपाट भिंत झपाट्याने होते. खिडकीच्या चौकटीभोवती मात्र टेप लावा, ब्रशने बारीक कड काढा, काच पुसा. जिथे रंग लागत नाही तिथेच वेळ जास्त जातो. म्हणून बरेच पेंटर कपात न करता दर सांगतात. हे चुकीचं नाही. फक्त ते आधी बोललं गेलं पाहिजे.

गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, खिडकी वजा करूनच हिशोब द्या," तर वाद घालू नका, दर बदला. समजा पुट्टी, प्रायमर आणि दोन हात मिळून मजुरी कपात न करता १२ रुपये चौ. फूट आहे:

४४० × १२ = ५,२८० रुपये
५,२८० ÷ ३९९ = साधारण १३.२५ रुपये

म्हणजे कपात न करता १२ रुपये आणि कपात करून सव्वा तेरा रुपये, हे दोन्ही दर एकच. नवीन माणूस गिऱ्हाइकाच्या म्हणण्यावर कपात मान्य करतो, पण दर १२ चाच ठेवतो. ३९९ × १२ = ४,७८८. एका खोलीत ४९२ रुपये गेले. चार खोल्यांच्या घरात दोन हजाराला थोडेच कमी. काम संपल्यावर तो म्हणतो, मेहनत तर पूर्ण केली, मग उरलं काहीच नाही असं कसं?

मालाचा हिशोब

खालचे भाव उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या गावचे टाका. इमल्शनच्या डब्यावर एक लिटर किती चौ. फूट जातो ते लिहिलेलं असतं. तो आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, म्हणून मी थोडा कमी धरतो. इथे दोन हातांना १२० चौ. फूट धरू.

इमल्शन: ३९९ ÷ १२० = ३.३ लिटर, म्हणजे ४ लिटरचा डबा, १,१०० रुपये
प्रायमर, एक हात: ४ लिटर, ६०० रुपये
पुट्टी, दोन हात, किलोला १२ चौ. फूट: ३३ किलो, म्हणजे ४० किलोची गोणी, ८५० रुपये
पॉलिश पेपर, रोलर, टेप: २५० रुपये
एकूण माल: २,८०० रुपये

मजुरी ५,२८० धरली तर चार भिंतींचा खर्च ८,०८० रुपये. छताचे १२० चौ. फूट यात नाहीत, ते वेगळे लिहा, कारण छताला बहुतेक वेळा वेगळा रंग असतो.

एक गंमत बघा. कपात न करता ४४० धरले असते तरी ३.७ लिटर, म्हणजे डबा तोच ४ लिटरचा. एका खोलीत कपातीने मालाचा एक रुपयाही वाचत नाही, कारण डबा अर्धा मिळत नाही. अशाच चार खोल्या एका शेडच्या असतील तर फरक दिसतो: कपातीशिवाय १४.७ लिटर, कपात करून १३.३ लिटर. दुसऱ्या हिशोबात १० आणि ४ च्या डब्यात काम भागतं, पहिल्यात वर एक लिटर घ्यावा लागतो.

आणि वजा केलेलं दार विसरू नका. त्याला ऑइल पेंट लागतो, दोन्ही बाजूंनी. सपाट फ्लश दार मोजताना चौकट आणि कडा धरण्यासाठी प्रत्येक बाजूचं माप १.२० ने गुणायची पद्धत आहे. २१ × २ × १.२० = साधारण ५० चौ. फूट. भिंतीतून २१ गेले आणि दाराच्या खात्यात ५० आले. कोटेशनमध्ये दाराची ओळ नसेल तर ते काम फुकट करावं लागतं.

सरकारी काम असेल तर

पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं काम घ्यायचं असेल तर तिथे तुमची-माझी पद्धत चालत नाही. मोजमापासाठी भारतीय मानक आयएस १२०० आहे. प्लास्टर आणि भिंतीच्या रंगाला त्याचा नियम थोडक्यात असा:

१. उघडी जागा अर्धा चौ. मीटरपर्यंत (साधारण ५.४ चौ. फूट) असेल तर कपात नाही.
२. अर्धा ते ३ चौ. मीटर (साधारण ३२ चौ. फूट) असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच काम असेल, तर एकाच बाजूची कपात. कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत.
३. ३ चौ. मीटरपेक्षा मोठी असेल तर दोन्ही बाजूंची कपात, आणि कडा मोजून मिळवायच्या.

आपल्या खोलीचं दार २१ आणि खिडकी १६ चौ. फूट, म्हणजे दोन्ही मधल्या गटात. आत-बाहेर एकच रंग असेल तर एका बाजूला पूर्ण माप मिळतं, दुसऱ्या बाजूला कपात होते. कडांच्या मेहनतीची भरपाई नियमातच करून ठेवली आहे. खासगी कामात वाद झाला तर मी हाच मधला मार्ग सुचवतो.

आता टाइल: माझी चूक

बाथरूम ६ × ४ फूट, टाइल ७ फूट उंचीपर्यंत. दार अडीच × ७ फूट. व्हेंटिलेटर २ फूट रुंद, दीड फूट उंच, जमिनीपासून ६ फुटांवर सुरू होतो.

भिंती = २ × (६ + ४) × ७ = १४० चौ. फूट
दार = १७.५ चौ. फूट

व्हेंटिलेटर किती वजा करायचा? ३ चौ. फूट नाही. टाइल ७ फुटांवर थांबते, व्हेंटिलेटर साडेसात फुटांपर्यंत जातो. टाइलच्या पट्ट्यात त्याचा एकच फूट येतो, म्हणून २ × १ = २ चौ. फूट. हीच गोष्ट किचनमध्ये मोठी होते: डॅडो ४ फुटांचा असेल तर ७ फुटी दाराचे फक्त ४ फूट वजा होतात. जिथे टाइल नाही तिथली कपातही नाही.

निव्वळ = १४० − १७.५ − २ = १२०.५ चौ. फूट
१० टक्के वेस्टेज धरून = १३२.५ चौ. फूट

इथपर्यंत माझं बरोबर होतं. टाइल १२ × १८ इंची, पेटीत ६ नग. १२ × १८ म्हणजे दीड चौ. फूट, सहा नगांचे ९. १३२.५ ÷ ९ = १४.७, म्हणजे १५ पेट्या. मी १५ दिल्या.

पण पेटीवर ३०० × ४५० मिमी लिहिलेलं असतं. ३०० मिमी म्हणजे पूर्ण १२ इंच नाही, थोडं कमी. पेटीचं खरं क्षेत्रफळ ०.८१ चौ. मीटर, म्हणजे ८.७२ चौ. फूट. १३२.५ ÷ ८.७२ = १५.२, म्हणजे १६ पेट्या हव्या होत्या. बोलताना "नऊ फुटाची पेटी" म्हणा, हिशोब पेटीवर छापलेल्या आकड्याने करा. नगही दर वेळी सहाच असतील असं नाही.

त्यात १० टक्के वेस्टेज वाटतं तितकं मोकळं नसतं. ७ फूट म्हणजे २,१३४ मिमी. उभ्या टाइलच्या चार पूर्ण ओळी १,८०० मिमी घेतात, वर ३३४ मिमी उरतात. म्हणजे पाचव्या ओळीतली प्रत्येक टाइल कापावी लागते, आणि कापलेला साडेअकरा सेंटीमीटरचा तुकडा बहुतेक वाया जातो. निम्मं वेस्टेज त्या एका ओळीतच संपतं. फूट आणि तोडफोड यांना उरतं ते उरलेलं निम्मं. गिऱ्हाइकाला चार पूर्ण ओळींवर, म्हणजे साधारण ६ फुटांवर थांबायचं आहे का, हे मी आता आधीच विचारतो.

३८० रुपये पेटी धरली तर १६ पेट्यांचे ६,०८० रुपये. त्या दिवशी मी ३८० रुपयांची एक पेटी कमी दिली, आणि उखडण्याची मजुरी, जादा टाइल, दोन दिवसांचा खोळंबा अंगावर घेतला. आता १६ वी पेटी त्याच बॅचची देतो आणि बिलावर लिहितो: पूर्ण, न उघडलेली पेटी परत घेऊ.

घरी करून बघा

खोली १४ × ११ फूट, उंची १० फूट, एक दार ३ × ७, एक खिडकी ५ × ४, कड ६ इंच, खाली कडप्पा, वरची बाजू ५ फूट. खरं रंगवायचं क्षेत्रफळ काढा, आणि १२ रुपयांच्या दराचा कपात केलेला दर काढा. उत्तर ४६५.५ चौ. फूट आणि साधारण १२.९० रुपये यायला हवं. ४५९ आलं असेल तर खिडकीची कड राहिली. ४६८ आलं असेल तर कडप्प्यालाही रंग दिला.