विगमनाची सिद्धता : पाया आणि पायरी तपासण्याची रीत

शितावरून भाताची परीक्षा करावी, हे स्वयंपाकघरात योग्यच; गणितात मात्र तेवढ्याने भागत नाही. न² + न + ४१ ही पदावली घ्या. न च्या जागी १ घातल्यास ४३ येतात, २ घातल्यास ४७, ३ घातल्यास ५३. या साऱ्या मूळ संख्या होत. ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच हाती येते. परंतु ४० घालताच १६८१ ही संख्या मिळते, आणि ती ४१ × ४१ आहे! एकोणचाळीस शिते शिजलेली निघाली आणि चाळिसावे कच्चे राहिले.

म्हणून सर्व संख्यांविषयीचे विधान सिद्ध करण्यासाठी गणिती विगमनाची पद्धत वापरतात. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग पाया : विधान पहिल्या संख्येसाठी खरे आहे, हे प्रत्यक्ष पडताळून पाहणे. दुसरा भाग पायरी : विधान क या संख्येसाठी खरे मानले, तर ते क + १ साठीही खरे ठरते, हे दाखवणे. हे दोन्ही भाग वहीत दिसले की सिद्धता पुरी झाली, असा पुष्कळांचा समज असतो. ते दोन भाग एकमेकांस खरोखर जोडलेले आहेत की नाहीत, हे कागदावर कसे तपासावे, एवढेच आम्ही येथे तीन उदाहरणांनी सांगणार आहोत.

पाया नसलेली सिद्धता

पहिल्या न विषम संख्यांची बेरीज न² असते, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. आता कोणी म्हणाला की ती बेरीज न² + ३ असते, तर? पायरी करून पाहू. पहिल्या क विषम संख्यांची बेरीज क² + ३ आहे असे मानू. पुढची विषम संख्या २क + १. ती मिळवली असता क² + २क + १ + ३, म्हणजेच (क + १)² + ३ मिळतात. पायरीत तिळमात्र दोष नाही, आणि तरीही विधान साफ खोटे आहे. न = १ घ्या : डावीकडे १, उजवीकडे ४. न = २ घ्या : डावीकडे ४, उजवीकडे ७.

असे का व्हावे? पायरी फक्त वाढ तपासते. दोन्ही बाजू प्रत्येक वेळी सारख्याच वाढतात, त्यामुळे आरंभी असलेला तीनाचा फरक शेवटपर्यंत तसाच राहतो. तो पकडण्याचे काम पायाचे आहे. म्हणून पाया तपासताना डावी बाजू व उजवी बाजू निरनिराळ्या ओळींवर लिहून त्यांच्या किमती स्वतंत्रपणे काढाव्या. दोन्ही सारख्या आल्या, तरच त्यांच्यामध्ये बरोबरीचे चिन्ह घालावे. ते चिन्ह आधीच लिहून ठेवले, तर तपासण्याचे ढोंग होते, तपासणी होत नाही.

पायरीतील मोडका पाय

आता याच्या उलट प्रकार पाहू. विधान असे : कोणत्याही टोपलीतील सर्व फुले एकाच रंगाची असतात. टोपलीत एकच फूल असेल तर विधान उघडच खरे, पाया झाला. आता कोणतीही क फुले एकरंगी असतात असे मानून क + १ फुले एका रांगेत मांडू. शेवटचे फूल बाजूला काढले की उरलेली क फुले एका रंगाची. ते परत ठेवून पहिले काढले, की उरलेली क फुलेही एका रंगाची. मधली फुले दोन्ही गटांत आहेत. म्हणून दोन्ही गटांचा रंग एकच. तेव्हा अबोली आणि मोगरा एकाच रंगाचे ठरले! याच युक्तिवादाचे एक रूप जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अभ्यासासाठी दिले आहे.

दोष शोधण्यासाठी क हे अक्षर बाजूस ठेवून त्याच्या जागी लहान अंक घालावे. क = ३ असता फुले अ, आ, इ, ई. पहिला गट अ, आ, इ. दुसरा आ, इ, ई. सामाईक फुले आ आणि इ. क = २ असता गट अ, आ आणि आ, इ; सामाईक फूल आ. आता क = १ घेऊ. फुले दोनच, अ आणि आ. पहिल्या गटात केवळ अ, दुसऱ्यात केवळ आ. सामाईक फूल एकही नाही! ‘मधली फुले’ हे दोन शब्द येथे पोकळ आहेत. दोनापासून पुढची प्रत्येक पायरी मजबूत आहे. मोडली आहे ती एकापासून दोनाकडे नेणारी एकच. परंतु शिडीचा सर्वांत खालचा पाय मोडला, तर वरच्या साऱ्यांचा उपयोग काय?

पाया आणि पायरी यांतील अंतर

तिसरा दोष अधिक फसवा आहे, कारण त्यात दोन्ही भाग खरे असतात. विधान : दोनाचा न वा घात न² पेक्षा मोठा असतो. पाया : न = १ असता २ हे १ पेक्षा मोठे आहेत. पायरी : दोनाचा क वा घात क² पेक्षा मोठा मानला, तर त्याची दुप्पट २क² पेक्षा मोठी होईल; आणि २क² हे (क + १)² पेक्षा लहान नसतात, म्हणून विधान सिद्ध झाले.

यातील शेवटचे वाक्य केव्हा खरे? २क² मधून (क + १)² वजा केले असता (क − १)² − २ उरतात. क = १ असता ही बाकी −२, क = २ असता −१, क = ३ असता २. अर्थात पायरी तीनापासून पुढेच चालते, आणि पाया मात्र एकावर घातला आहे. आता प्रत्यक्ष किमती पाहा. न = २ असता ४ आणि ४; न = ३ असता ८ आणि ९; न = ४ असता १६ आणि १६; न = ५ असता ३२ आणि २५. तीन व चार यांच्यापाशी पायरी आहे, पण विधान खरे नाही. पाया पाचावर घातला, म्हणजे पाचापासून पुढे सिद्धता निर्दोष होते.

यावरून तपासण्याची रीत अशी ठरते. पायाच्या दोन्ही बाजू प्रत्यक्ष मोजाव्या. पायरीत गृहीत धरलेले विधान जेथे वापरले, त्या ओळीखाली रेघ मारावी. तशी ओळच सापडली नाही, तर पायाचा आधार कोठे घेतला, हे विचारावे. नंतर ‘मधले’, ‘उरलेले’, ‘लहान नसतात’ अशा प्रत्येक शब्दाशेजारी तो कोणत्या क पासून खरा आहे, हे समासात लिहावे. अखेरीस पायाचा अंक व समासातील सर्वांत मोठा अंक ताडून पाहावे. पायाचा अंक लहान निघाला, तर सिद्धतेत खिंडार आहे.

सरावासाठी एक प्रश्न देतो. तीन आणि पाच रुपयांचीच तिकिटे मिळतात असे मानू. ‘आठ रुपयांपासून पुढची कोणतीही पूर्ण रुपयांतील रक्कम या तिकिटांनी भरता येते. आठ म्हणजे तीन आणि पाच. त्याहून मोठ्या रकमेतून तीन वजा करावे. उरलेली रक्कम लहान असल्यामुळे ती भरता येतेच. तीत तीनाचे एक तिकीट मिळवावे.’ निष्कर्ष खरा आहे, पण सिद्धता अपुरी आहे. नऊ रुपयांसाठी हा युक्तिवाद करून पाहा, आणि आठाखेरीज आणखी कोणत्या रकमा हाताने पडताळाव्या लागतील, ते कागदावर काढा.