इंटरव्ह्यूनंतरचा पाच ओळींचा मेल

इंटरव्ह्यू संपला, रूमवर आलो, टाय काढून फेकला की आपल्या दृष्टीने विषय संपतो. खरं तर एक छोटं काम उरलेलं असतं, ते म्हणजे आभाराचा मेल. नुसतं ‘थँक यू सर’ लिहिलं तर तो मेल वाचून लगेच विसरला जातो. मुलाखतीत झालेल्या बोलण्यातला एखादा मुद्दा त्यात पक्का केला, तरच त्याचा उपयोग.

एक उदाहरण घेऊ. इलेक्ट्रिकलच्या एका मुलाला कन्व्हेयर बनवणाऱ्या कंपनीत विचारलं, “स्टार-डेल्टा स्टार्टर का वापरतात?” तो म्हणाला, “सुरुवातीचा करंट एक तृतीयांश होतो.” उत्तर बरोबर. पुढचा प्रश्न आला, “मग आमच्या भरलेल्या कन्व्हेयरला चालेल का?” इथे गाडी अडली. त्याच संध्याकाळी त्याने असा मेल लिहावा (प्रत्यक्षात इंग्रजीत, इथे मराठीत देतो):

“आदरणीय सर,
आज वेळ दिल्याबद्दल आभार. कन्व्हेयरच्या प्रश्नाचं माझं उत्तर अर्धं राहिलं होतं. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला लाइन व्होल्टेजच्या सुमारे 58 टक्केच व्होल्टेज मिळतं. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तोही एक तृतीयांश होतो. म्हणून पंखा किंवा पंप सुरू होईल, पण भरलेला पट्टा बहुधा जागचा हलणार नाही. प्रोजेक्टमध्ये मी मोटर टेस्टिंगच केलं आहे, त्यामुळे हे काम करायला मला आवडेल.
आपला, (नाव, मोबाईल नंबर)”

बघा, यात आभार एकाच वाक्यात आटोपले. मग एकच तांत्रिक मुद्दा, आणि शेवटी तो मुद्दा आपल्या कामाशी जोडला. दोन-तीन उत्तरं दुरुस्त करायला गेलात, तर मेलची उत्तरपत्रिका होते आणि काय-काय आलं नाही याचीच यादी समोर जाते.

मेल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जावा. इंटरव्ह्यूचं बोलावणं ज्या मेलने आलं त्यालाच रिप्लाय करा, म्हणजे विषय आणि तारीख आपोआप जुळते. प्रश्न विचारणाऱ्या साहेबांचा पत्ता नसेल तर एचआरला लिहा आणि त्यांच्यापर्यंत पोचवण्याची विनंती करा. कॅम्पसला कंपनी आली असेल तर आधी टीपीओ सरांना विचारा, कारण तिथे पत्रव्यवहार बहुधा त्यांच्यामार्फतच होतो.

पगार आणि ‘रिझल्ट कधी?’ हे प्रश्न या मेलमध्ये नकोत. मेलमध्ये लिहिलेलं दुसऱ्या राउंडला हमखास विचारलं जाऊ शकतं, तेव्हा पुस्तकातून उतरवून काढू नका. फळ्यावर सिद्ध करता येईल तेवढंच लिहा.

आणि हो, ज्याला बेसिकच आलं नाही, त्याला हा मेल वाचवणार नाही. तो उपयोगी पडतो काठावरच्यालाच!