आपला कल कुणाला लवकर, कुणाला उशिरा का कळतो?

प्रश्न : मी 29 वर्षांचा आहे. धरमतरजवळ राहतो, कंपनीत नोकरी करतो. घरचे स्थळं बघताहेत. मला पुरुषांचंच आकर्षण वाटतं, हे आता कुठे ध्यानात येतंय. माझ्या एका मित्राला स्वतःबद्दल हे शाळेतच कळलं होतं. मग मला इतका उशीर का? हा माझा भ्रम तर नाही?

उत्तर : उशीर झाला म्हणून ते खोटं ठरत नाही. आकर्षण जाणवणं, त्याचा अर्थ लागणं आणि दुसऱ्याला सांगणं, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. अमेरिकेतल्या प्यू संस्थेच्या 2013च्या पाहणीत पहिल्या जाणिवेचं मध्यांक वय 12, खात्री पटण्याचं 17 आणि कुणाला तरी सांगण्याचं 20 आलं. मध्यांक म्हणजे निम्म्या लोकांना याहूनही उशीर लागला.

पहिली पायरी बहुतेकदा वयात येताना आपोआप येते. दुसरीसाठी मात्र समोर तसं जगणारं कुणीतरी दिसावं लागतं. जिथे फक्त मुलगा-मुलीच्या लग्नाचीच बोलणी कानावर येतात, तिथे मुलगा त्या ओढीला घट्ट मैत्री समजतो किंवा ‘मनासारखी मुलगी भेटली नाही’ अशी स्वतःची समजूत घालतो. ज्यांना स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण असतं, त्यांना तर एक ओढ बाजूला ठेवून वर्षानुवर्षं जगता येतं. अनेक मुलींचं तर आपला कल कोणता, हा प्रश्न मनात येण्याआधीच लग्न उरकलेलं असतं.

पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनी आपला प्रवास उघडपणे मांडला आहे. ते इंजिनिअर. त्यांचं लग्न झालं, मोडलं. पुढे अमेरिकेत समलिंगी लोकांचा सहवास मिळाला, तेव्हा स्वतःला स्वीकारणं जमलं. परत येऊन 2002 साली त्यांनी पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला. ओढ आधीपासूनच होती. ती मान्य करायला माणसं नंतर भेटली.

आता तुमच्यापुरतं. वयात आल्यापासून मन कुणात गुंतलं, एकांतात कुणाचे विचार आले, हे आठवून पाहा. तीच ओढ पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो भ्रम नाही. एखाद्या वेळच्या अनुभवावरून मात्र काहीच ठरत नाही. रक्ताच्या किंवा हार्मोनच्या तपासणीतही हे दिसत नाही. ओढ मुळीच नाही, फक्त ‘मी तसा असेन का’ ही भीती सतत छळते आणि दिवसभर स्वतःला तपासत बसावं लागतं, असं असेल तर तो मंत्रचळ असू शकतो. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आहेत.

कल बदलून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. असे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली स्पष्ट केलं आहे. लग्न हाही त्यावरचा उपाय नाही. त्यात दोन आयुष्यं अडकतात. घरी कारण आजच सांगायला हवं असं नाही, पण स्थळं थांबवायला सांगा. बोलायला कुणी नसेल तर 14416 या सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विनामूल्य, मराठीतून बोलता येतं.