अनंताचा दोरा आणि गणेशाचे विसर्जन

भाद्रपद शुद्ध चतुर्दशीस गृहस्थाच्या घरी दोन कर्मे एकत्र येतात. सकाळी चौदा गाठींचा दोरा हाती बांधला जातो आणि सायंकाळी दहा दिवस पूजिलेल्या पार्थिव गणेशमूर्तीस निरोप दिला जातो. वस्तुतः या दोहोंचा परस्परांशी विधिसंबंध नाही. गणेशचतुर्थीचे व्रत मुळात एका दिवसाचे आहे. दीड, पाच, सात वा दहा दिवस मूर्ती ठेवणे हा कुलाचार होय. अनंतव्रत हे स्वतंत्र विष्णुव्रत आहे. तथापि दोन्ही कर्मांत एकच प्रश्न गर्भित आहे: ज्या वस्तूत देवतेचे आवाहन केले, ती वस्तू सोडावी कशी? काशीतील महाराष्ट्रीय गृहस्थांपुढे गेल्या काही वर्षांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला आहे. म्हणून त्याचा येथे विचार करू.

काशी आणि महाराष्ट्र यांचा संबंध जुना आहे. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट थोर धर्मशास्त्रज्ञ झाले, आणि त्याच कुळातील कमलाकरभट्टांनी 1612 साली ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. पुढे 1790 च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचला. व्रताचा दिवस ठरविताना आजही आपले पंचांगकर्ते याच ग्रंथांकडे पाहतात. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या भागांत महाराष्ट्रीय घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि तेथे गणपतीही बसतो व अनंतही पूजिला जातो.

प्रथम दिवसाचा निर्णय. धर्मसिंधूप्रमाणे सूर्योदयानंतर तीन मुहूर्त चतुर्दशी असेल तो दिवस मुख्य. तसा न मिळाल्यास दोन मुहूर्त असलेला दिवस चालतो. दोहोंपेक्षाही कमी असेल तर आदला दिवस घ्यावा. मुहूर्त म्हणजे दोन घटिका, सुमारे 48 मिनिटे. आता एक उदाहरण कल्पून पाहा. सप्टेंबरच्या मध्यास काशीत सूर्य सुमारे 5 वाजून 46 मिनिटांनी उगवतो, मुंबईत 6 वाजून 26 मिनिटांनी. समजा चतुर्दशी सकाळी 7 वाजून 40 मिनिटांस संपते. काशीत दोन मुहूर्त 7 वाजून 22 मिनिटांस पुरे होतात. म्हणून तेथे व्रत त्याच दिवशी. मुंबईत ते 8 वाजून 2 मिनिटांपर्यंत पुरे होत नाहीत. म्हणून तेथे व्रत आदल्या दिवशी. तिथी एकच, ग्रंथ एकच, तरी दिवस दोन. म्हणून काशीत राहणाऱ्याने पुण्या-मुंबईच्या दिनदर्शिकेवर विसंबू नये, आणि दोन पंचांगांत भेद दिसला की एक चुकीचे आहे असेही लगेच समजू नये. ते कोणत्या गावच्या सूर्योदयावर रचले आहे, हे आधी पाहावे.

आता दोरा. तो कापसाचा वा रेशमाचा असावा, कुंकवाने वा हळदीने रंगविलेला असावा, आणि त्यास चौदा गाठी असाव्यात. बाजारात गाठी मारलेला दोरा मिळतो. परंतु सूत आणून गाठी घरी माराव्यात हे बरे. प्रत्येक गाठ काही सूत खाते. म्हणून दंडाच्या घेराच्या तिप्पट लांबी घ्यावी आणि दोन्ही टोकांस बांधण्यापुरते चार-चार बोटे मोकळे ठेवावे. सूत खरोखर कापसाचे आहे की नायलॉनचे, याची परीक्षा गाठी मारण्यापूर्वी उरलेल्या तुकड्यावर करावी. कापूस जळाला की त्याची मऊ राख होते. नायलॉन आक्रसून त्याचा कठीण मणी बनतो. ही परीक्षा पूजिलेल्या दोऱ्यावर कदापि करू नये. त्याचे कारण पुढे कथेत येईल.

पूजेत कलशातील जलात यमुनेचे पूजन होते. दर्भाचा सात फणांचा शेष करून त्यावर अनंताचे आवाहन करतात, दोरा समोर ठेवून त्याच्या गाठींची पूजा करतात, आणि मग तो पुरुषाने उजव्या व स्त्रीने डाव्या हातास बांधावयाचा असतो. चौदा वडे वा घारगे करून अर्धे दान द्यावेत व अर्धे स्वतः घ्यावेत. हे व्रत चौदा वर्षे चालवून त्याचे उद्यापन करतात. म्हणूनच महाराष्ट्रात ते उगाच कोणी आरंभीत नाही. ते परंपरेने घरात आलेले असते, कोणी सांगितलेले असते वा दोरा सहज सापडल्याने घेतलेले असते.

या व्रताची कथा भविष्योत्तर पुराणात आहे. राज्य गमावलेल्या युधिष्ठिराने विचारले आणि भगवान श्रीकृष्णांनी सांगितली. अनंत म्हणजे कोण, शेष की आणखी कोणी, असे धर्मराजाने विचारता भगवंतांनी उत्तर दिले की, अनंत हे माझेच रूप आहे. पळे, मुहूर्त, दिवस, वर्षे अशा रूपांनी वाहणारा काळ तो मीच. गीतेच्या दहाव्या अध्यायातही भगवंत नागांमध्ये आपण अनंत असल्याचे आणि मोजणाऱ्यांमध्ये आपण काळ असल्याचे सांगतात. दोरा बांधणारा या काळरूप भगवंताचे स्मरण बाहूवर धारण करीत असतो.

कथेत सुमंतूची कन्या शीला ही कौंडिण्य ऋषींची पत्नी. वाटेत मध्याह्नी नदीतीरावर स्त्रिया अनंतपूजन करताना तिने पाहिल्या, विधी विचारून घेतला आणि दोरा बांधला. घरी समृद्धी आली. एके दिवशी कौंडिण्याने तिच्या हातातला दोरा पाहिला आणि हे आपणास वश करण्याचे साधन आहे अशा संशयाने तो तोडून अग्नीत टाकला. शीलेने तो अग्नीतून काढून दुधात ठेवला. त्यानंतर त्यांचे वैभव गेले. पश्चात्ताप पावून कौंडिण्य अरण्यात अनंतास शोधीत फिरला. शेवटी वृद्ध ब्राह्मणाच्या रूपाने भगवंत भेटले आणि त्यांनी चौदा वर्षे व्रत करण्यास सांगितले.

कौंडिण्याचा अपराध दोरा सोडला हा नव्हे. दोरा तर सर्वांनीच सोडावयाचा असतो. दरवर्षी नवा दोरा बांधला की जुना उतरवून त्याचे विसर्जन करतात. काही घरी तो चौदा दिवसांनी वा त्याच रात्री उतरवितात. त्याचा अपराध असा की, आवाहन केलेल्या वस्तूस निरोप न देता, न विचारता, संशयाने ती फेकून दिली. शीला तोच दोरा दुधात ठेवते. जळालेली वस्तूही ती आदरानेच हाताळते. सोडणे आणि टाकणे यांतील अंतर कथेने या दोन कृतींनी दाखविले आहे.

हेच अंतर गणेशविसर्जनास लावून पाहू. काशीत पूर्वी मूर्ती गंगेतच सोडीत. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 2012 आणि त्यानंतरच्या आदेशांनी गंगा-यमुनांत मूर्ती सोडण्यास मनाई झाली. 2015 च्या सप्टेंबरात गंगेतच विसर्जन करण्याच्या आग्रहाने निघालेली गणेशाची मिरवणूक गोदौलिया येथे अडविली गेली, लोक तेथेच बसून राहिले आणि अखेर पोलिसांचा लाठीमार झाला. काशीत राहून गंगा न मिळाल्यास विसर्जन अपुरे राहते काय, ही व्यथा त्यामागे होती. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

उत्तर विधीतच आहे. निघण्यापूर्वी घरी उत्तरपूजा होते. गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य अर्पण करतात, दही-पोह्यांची शिदोरी देतात, आरती करतात. मग पुनरागमनाची प्रार्थना करून मूर्तीवर अक्षता वाहतात आणि तिला स्थानावरून किंचित हलवितात. आवाहिलेल्या देवतेचे विसर्जन या क्षणी पूर्ण होते. प्राणप्रतिष्ठेने आलेले देवत्व येथे निरोप घेते. पुढे उरते ती मृत्तिका, आणि मातीने पाण्यास मिळणे हे शेष कर्म. त्यासाठी शुद्ध जल पाहिजे. ते गंगेचेच असले पाहिजे असा पार्थिवपूजेत नियम नाही. काशीत शंकुलधारा, ईश्वरगंगी यांसारख्या जलाशयांत आता विसर्जन होते. घरच्या वीतभर मूर्तीस तर एक मोठे पातेलेही पुरते. त्यात गंगाजलाचे दोन थेंब घातले की मनाची खंतही राहत नाही.

परंतु येथे एक अट आहे. मूर्ती खरोखर मातीची असली पाहिजे. शाडूची मूर्ती पाण्यात भिजून विरघळते, आणि तो गाळ झाडाच्या आळ्यात, पायदळी न येईल असा घालता येतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र दिवसच्या दिवस तशीच राहते. दुसऱ्या सकाळी तिचे भग्न अवयव काठावर दिसतात. ज्यास आपण दहा दिवस देव म्हटले त्याची ती दशा कौंडिण्याने अग्नीत टाकलेल्या दोऱ्याहून निराळी नाही. आणताना ओळख सोपी आहे. त्याच आकाराची शाडूची मूर्ती हातास जड लागते, प्लास्टरची हलकी. बुडाशी, जेथे रंग नसतो तेथे, नखाने खरवडता शाडूची करडी माती सुटते, तर प्लास्टर पांढरेशुभ्र दिसते. विसर्जनापूर्वी वस्त्र, दागिने व निर्माल्य वेगळे काढावे. जुना दोरा कापसाचा असेल तर तोही गंधपुष्प वाहून, नमस्कार करून, निर्माल्याबरोबर झाडाच्या मातीत ठेवावा. जरीची तार असेल तर ती आधी सोडवून घ्यावी.

याच चतुर्दशीस गंगेच्या पलीकडील तीरावर रामनगरची रामलीला आरंभ पावते आणि सुमारे एक मास चालते. पहिल्याच दिवशी तेथील जलाशयात क्षीरसागराचे दृश्य दाखवितात, ज्यात भगवान विष्णू शेषावर पहुडलेले असतात. सकाळी दर्भाचा शेष पूजिलेला काशीकर सायंकाळी तोच अनंत पाण्यावर पाहतो. महिना संपला की लीलाही संपते आणि पुढील वर्षी पुन्हा त्याच तिथीस तिचा आरंभ होतो. काळरूप अनंताचे व्रत करणाऱ्याने हातातला दोरा आणि पाटावरची मूर्ती याच भावाने धरावी व याच भावाने सोडावी: आवाहन करून घ्यावी, निरोप देऊन सोडावी, आणि दोहोंच्या मध्ये तिची सेवा करावी.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥