जामीन राहिलो, पेन्शन जाईल का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मित्राच्या कर्जाला जामीन होतो. तो हप्ते भरत नाही. बँक माझी पेन्शन घेईल का?

उत्तर : नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पेन्शन आणि ग्रॅच्युइटीवर जप्ती येत नाही; भविष्य निर्वाह निधीलाही संरक्षण आहे. खात्यात आलेल्या रकमेवरूनच खरा वाद होतो. राधेश्याम गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निवृत्तीच्या पैशांची मुदतठेवही सुरक्षित मानली. ते जामीनदारच होते. मात्र पेन्शनच्या खात्यात घरभाडे वगैरे मिसळू नका. कोणता पैसा कुठला, हे पासबुकातून दाखवता आले पाहिजे. खाते गोठवलेच, तर पासबुक आणि पेन्शन आदेशाची प्रत जोडून लगेच न्यायालयात अर्ज करा. पत्नीच्या पोटगीला मात्र हे कवच लागू नाही.