चिया भिजवूनच घ्या. गिळायला त्रास असेल तर भिजवलेलाही विचारून घ्या

वजन उतरते, पोट साफ होते असे ऐकून आपल्या जतच्या वस्त्यांतही चिया खाणारे दिसू लागले आहेत. दाणा सब्जासारखा दिसतो, म्हणून बरेच जण त्याला सब्जाच समजतात. पण सब्जा पाण्यात टाकला की पाच-दहा मिनिटांत फुगतो. चिया सावकाश फुगतो आणि स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त पाणी ओढतो. कोरडाच गिळला तर हे फुगणे घशाखाली होते.

अमेरिकेतील डॉक्टरांनी 2014 साली असा एक रुग्ण वैद्यकीय परिषदेत मांडला होता. वय 39. त्याने चमचाभर कोरडा चिया खाऊन वर ग्लासभर पाणी प्यायले. त्याला आधीपासून अधूनमधून घास अडकायचा. दाणे अन्ननलिकेत थांबले, तिथेच पाण्याने फुगून त्यांचा चिकट गोळा झाला आणि थुंकीही गिळता येईना. शेवटी लहान बाळांसाठीची बारीक दुर्बीण आत घालून तो गोळा थोडा थोडा पोटात ढकलावा लागला.

म्हणून पद्धत अशी ठेवा. एक लहान चमचा चियाला एक ग्लास पाणी घ्या. टाकल्यावर लगेच ढवळा आणि दहा मिनिटांनी पुन्हा ढवळा, नाहीतर तळाशी गुठळी होते आणि तिच्या पोटात दाणे कोरडेच राहतात. निदान अर्धा तास ठेवा. रात्री भिजवून सकाळी घेतला तर उत्तम. प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण दिसले पाहिजे. कोरडा चिया भाकरीवर भुरभुरू नका, फक्की तर मारूच नका. इसबगोलाचेही तसेच आहे, तो कोरडा गिळू नये.

लकवा झालेले, कंपवात असलेले किंवा खूप थकलेले म्हातारे माणूस घरात असेल तर भिजवलेलाही चिया आपल्या मनाने देऊ नका. पातळ पाणी आणि बुळबुळीत दाणे एकाच घोटात सांभाळणे त्यांना जड जाते आणि घोट श्वासनलिकेत उतरू शकतो. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज घोगरा, ओला येतो का, घास गालात साठून राहतो का, हे पाहा. यातले काही दिसले तर आधी डॉक्टरांना दाखवा. पोट साफ होण्यासाठी त्यांना दुसरे उपाय आहेत.

चिया खाल्ल्यावर छातीत अडकल्यासारखे वाटले आणि लाळ बाहेर येऊ लागली, तर वरून पाणी किंवा केळे देऊ नका; पाण्याने गोळा वाढतो. माणसाला बसते ठेवा आणि दुर्बिणीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. जतहून सांगली-मिरज लांब आहे, सकाळपर्यंत वाट पाहू नका. बोलता येत नसेल, खोकता येत नसेल तर श्वास अडला आहे. त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा आणि दुसऱ्याला लगेच 108 ला फोन करायला सांगा.