साठ डॉलरचा कुर्ता

गुळेदगुड्डचा खण, शिलाई पुण्यात आणि विक्री सिंगापूरच्या आमच्या एचडीबी फ्लॅटमधून, असा उद्योग मी तीन वर्षं करतेय. सुरुवातीला कुर्ते लिटिल इंडियातल्या एका दुकानात द्यायचे. साठ डॉलरला विकला जाणारा कुर्ता दुकानदार अण्णा माझ्याकडून तीसला, रोखीनं घ्यायचे. विमानभाडं आणि आयातीवरचा ९ टक्के जीएसटी धरून मला तो अठराला पडायचा. सुटायचे बारा. बाकीचे तीस अण्णा बसल्या जागी मिळवतात, हे मनात सलायचं. म्हणून स्वतःची वेबसाइट काढली. तिनं शिकवलेले हे पाच धडे.

१. ऑर्डरी मोजू नका, परत न आलेले कपडे मोजा.

एका साध्या आठवड्याचा हिशेब सांगते. दहा ऑर्डरी, सहाशे डॉलर. त्यातले तीन कुर्ते परत आले, हातात राहिले चारशे वीस. आता खर्च. राहिलेल्या सात कुर्त्यांचे १२६ आणि परत आलेल्यांपैकी एकाला अत्तराचा वास लागलेला, त्याचे १८. दहा वेळा पोचवण्याचे माझ्या वाट्याचे ४०, तीन वेळा परत आणण्याचे १२, खोके-पाकिटांचे १०. कार्डाच्या व्यवहारावर ३.४ टक्के आणि वर ५० सेंट, दहा ऑर्डरींचे सुमारे २५. ग्राहकाला पैसे परत केले तरी ही कापलेली रक्कम मला परत मिळत नव्हती. जाहिरातीचे १२०. सगळं वजा जाता उरले ६९. म्हणजे कुर्त्यामागे दहा डॉलरसुद्धा नाहीत. अण्णांकडे बारा सुटत होते, तेही रात्री अकराला इस्त्री न करता!

२. ‘फ्री रिटर्न’ लिहिण्याआधी कापड ओळखा.

सिंगापुरात २०१२पासून ‘लेमन लॉ’ आहे. पण तो सदोष मालासाठी. वस्तू आवडली नाही किंवा बसली नाही म्हणून परत घेण्याची सक्ती दुकानदारावर नाही. म्हणजे फुकट परतीचं ओझं मी आपण होऊन, मोठ्या ब्रँडांचं बघून, डोक्यावर घेतलं होतं. त्यांचा टी-शर्ट ताणला जातो, खण अजिबात ताणला जात नाही. दंडात अर्धा इंच कमी पडला की कुर्ता परत. एका ओळखीच्या ताईंनी तर सरळ कळवलं, “मीडियम आणि लार्ज दोन्ही मागवते गं, बसेल तो ठेवते.” त्यांची चूक नव्हती, तशी सोय मीच ठेवली होती. आणि ‘शंभर डॉलरवर डिलिव्हरी मोफत’ या माझ्या पाटीमुळे दोन साइज मागवणं त्यांना उलट स्वस्तच पडत होतं.

उपाय शेवटी साधा निघाला. साइजची अक्षरं काढली आणि लिहिलं: तुमचा बसणारा कुर्ता पलंगावर पसरा, छाती आणि दंड टेपनं मोजा, आकडे कळवा. ऑर्डरी थोड्या घटल्या, पण परती दहात एकावर आल्या.

३. जाहिरातीचा आकडा अर्धवट असतो.

जाहिरातीच्या पडद्यावर दिसायचं, ऑर्डरमागे बारा डॉलर. पण दहातले तीन कुर्ते परत आल्यावर तेच १२० डॉलर सातांवर बसतात, म्हणजे सतरा. शिवाय पहिल्या शंभर ग्राहकांसाठी मी एक सेंटही खर्च केला नव्हता. त्या सगळ्या मंडळाच्या, भिशीच्या, मुलांच्या शाळेतल्या मैत्रिणी. तो फुकटचा काळ मी धंद्याचा कायमचा स्वभाव समजले. ओळखीपाळखी संपल्या आणि मग प्रत्येक अनोळखी बाई विकत आणावी लागली. असा खर्च परवडतो तो तीच बाई जाहिरातीविना दुसऱ्यांदा येते तेव्हा. खणाचा कुर्ता मात्र वर्षातून एकदा, दिवाळीला घेतला जातो. रोजच्या वापरातली वस्तू विकत असाल तर तुमचं गणित माझ्याहून बरं असेल.

४. बंद दार.

इथे दुपारी घरात कोणी नसतं. खोक्यातला कुर्ता कुरिअरनंच जायचा आणि दार बंद असलं की दुसरी फेरी. घडी पातळ करून लेटरबॉक्समध्ये मावणारं पाकीट केलं, तेव्हा कुठे हा खर्च उतरला.

५. दुकानदाराचा वाटा नीट वाचा.

त्या तीस डॉलरमध्ये अण्णांचं भाडं होतं, आरसा होता, पडद्यामागची ट्रायल रूम होती आणि रस्त्यावरून सहज आत शिरणारी गिऱ्हाइकं होती. इथलाच ‘लव्ह, बोनिटो’ हा बायकांच्या कपड्यांचा ब्रँड इंटरनेटवर वाढला, तरी २०१७मध्ये त्यानं ऑर्चर्ड रोडवरच्या ३१३@समरसेटमध्ये मोठं दुकान थाटलंच. कपडा अंगाला लावून बघायला जागा लागते आणि तिचे पैसे कोणीतरी भरतोच, दुकानदार किंवा आपण.

वेबसाइट अजून चालू आहे, जुन्या ग्राहकांपुरती, जाहिरात बंद. नवे कुर्ते पुन्हा अण्णांकडे जातात. भाव तोच, तीस डॉलर.